ऑपरेटरचे सुपरवायझर झालेल्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवायचं काय? मदत हवी

चाकणकर७: सोमवारी ट्रेनिंग आहे, कंटेंट तयार नाही. मशीनवरून वर आलेले सुपरवायझर आहेत. मागच्या बॅचला नेतृत्वशैली, मोटिव्हेशन वगैरे स्लाइड्स दाखवल्या, निम्मे पेंगले. चांगली पीपीटी असेल तर द्या, प्लीज लवकर.

लेथवाला: काम कसलं? माणसं किती? अडतात कुठे? रात्रपाळी करून आलेल्याला एसीत बसवलंत तर पेंगणारच.

चाकणकर७: सीएनसी टर्निंग, बारा जण. नवीन पोरगं चुकलं की त्याला बाजूला सारून स्वतःच मशीन चालवतात. बाकी लाइन वाऱ्यावर.

सह्यकडा: राजगडला न्या. आम्ही नेलं होतं, टीम मस्त जमते.

लेथवाला: गड चढून इन्सर्ट बदलायला शिकवता येतं का?

क्वालिटीताई: टीडब्ल्यूआय, म्हणजे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, बघा. टोयोटाने काढलेली जपानी पद्धत आहे.

जुना_फोरमन: ताई, पद्धत बरोबर, गाव चुकलं. ती १९४० ते ४५ची, युद्धकाळातल्या अमेरिकेतली. जपानात नंतर गेली. दोन तासांची पाच सत्रं, साधारण दहा माणसं. तुम्ही सहा-सहाच्या दोन बॅच करा. स्लाइड नकोच. प्रत्येकाने आपल्या लाइनवरचं एक काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं.

समजा, बाहेरच्या व्यासाच्या टर्निंगचा इन्सर्ट बदलायचाय. आधी कागदावर पायऱ्या, प्रत्येकीपुढे खुबी आणि तिचं कारण. सीट पुसायची, कारण चिप राहिली तर इन्सर्ट नीट बसत नाही आणि माप सरकतं. पहिल्या पीसला ऑफसेट किंचित जास्त ठेवायचा, कारण मोठा पीस परत कापता येतो, लहान झाला की स्क्रॅप. मग करून दाखवायचं, आणि नंतर पोराकडून करून घ्यायचं, प्रत्येक खुबीचं कारणही त्याच्याच तोंडून वदवायचं. तो 'हो, कळलं' म्हणाला तर धरू नका. 'ऑफसेट का वाढवलास?' विचारा. गप्प राहिला तर शिकवणं बाकी आहे. शेवटी मशीन त्याच्या ताब्यात द्यायचं आणि अधूनमधून चक्कर मारायची.

तुमच्या माणसांच्या हाताला हे इतकं सवयीचं झालंय की कारण सांगताच येत नाही. म्हणून ते मशीन ओढून घेतात.

लेथवाला: अर्धंच खरं. प्रॉडक्शनचा आकडा तासातासाला विचारता ना? मग शिकवायला थांबेल कोण?

चाकणकर७: विचारतो... ते प्लांट हेडच्या हातात आहे.

नाशिक_मिलिंग: आमच्याकडे सुपरवायझर झाल्यावर ओटी बंद झाला, हातात पगार कमी येतो. यावर कायदा काय?

क्वालिटीताई: वेगळा धागा काढा. मला सांगा, कालपर्यंत एका ताटात जेवलेला मित्र चहावरून उशिरा येतो, त्याला बोलायचं कसं? खरी गोची तिथे आहे.

जुना_फोरमन: त्याचं सत्र वेगळं. आधी माहिती घ्यायची, त्याची बाजूही ऐकायची, मगच निर्णय. पण मित्राच्या बाबतीत सगळ्यांना जमतं असं नाही, माझ्या दोघांनी पद परत केलं.

चाकणकर७: ठीक. त्या पायऱ्यांची तयार शीट आहे का कोणाकडे?

जुना_फोरमन: तयार नकोच. सोमवारी त्यांनाच पेन द्या.