चिलखत बंदुकीने संपवलं की खर्चाने?

अवलिया७
कड्यांच्या चिलखतापासून नखशिखांत पोलादी पत्र्यापर्यंत युरोप पोचला, मग बंदूक आली आणि सगळं भंगारात गेलं, असंच आजवर वाचलंय. पण युरोपात बंदुका चौदाव्या शतकातच होत्या आणि पूर्ण पत्र्याचं चिलखत पंधराव्यातलं. म्हणजे बंदूक आधी, चिलखत नंतर! मग चिलखत नक्की कशाने संपलं? मतं येऊ द्यात.

तोफखाना
बंदुकीनेच. यात चर्चा कसली? १५२४ साली इटलीत सेसिया नदीपाशी माघार घेताना बायार्ड, फ्रान्सचा सगळ्यात नावाजलेला सरदार, पाठीत गोळी लागून मेला. पुढच्याच वर्षी पाव्हियाला स्पेनच्या बंदूकवाल्यांनी फ्रेंच घोडदळाची दाणादाण उडवली आणि खुद्द राजा फ्रान्सिस हाती लागला. हे कोणी उघडेबंब लढत नव्हते, पोलादात मढलेले होते. आणि त्याच्याही आधी १४१५ मध्ये अ‍ॅझिन्कूरला इंग्रजी बाणांनी याच पत्र्यांची चाळण केलेली. चिलखत तेव्हापासूनच मरणपंथाला लागलं होतं.

लोहारआळी
बायार्ड आणि पाव्हिया मान्य. अ‍ॅझिन्कूर अजिबात नाही. चांगल्या छातीपत्र्यातून बाण जात नसे. तिथे फ्रेंचांना नडला तो चिखल आणि स्वतःचीच रेटारेटी, शिवाय घोड्यांना आणि चिलखताच्या फटींत लागलेले बाण.

आधी कडी का मागे पडली ते बघा, म्हणजे पुढचं कळेल. कड्यांच्या सदऱ्यात प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवलेली असते आणि तिची टोकं चपटी करून रिव्हेट मारलेली असतात. दहा-बारा किलोचा सदरा, आणि बरंचसं वजन खांद्यावर. तलवारीचा वार तो आरामात झेलतो. पण बारीक टोकाचा बाण एका कडीत शिरला की ती एकच कडी उघडायची असते, शेजारच्या हजार कड्या काही मदत करत नाहीत. आणि धावत्या घोड्यावरून आलेला भाला कडी न तोडताही आतली बरगडी मोडतो, कारण सदरा वाकतो.

म्हणून आधी गुडघ्यांवर वाट्या आल्या, मग नडगीवर पत्रा, मग कापडाच्या आत रिव्हेटने बसवलेल्या पट्ट्यांचं जाकीट. १३६१ मध्ये गॉटलंड बेटावर व्हिस्बी शहराबाहेर डेन्मार्कच्या राजाने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्याचे दिवस, प्रेतं शेकड्यांनी, त्यामुळे अंगावरचं न काढताच खड्ड्यांत लोटली. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा पट्ट्यांची जाकिटं निघाली, आणि कड्यांच्या टोप्या अजून कवट्यांवर तशाच! कडी कुठे पुरत नव्हती ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

साधारण १४२० पर्यंत पत्रा डोक्यापासून पायापर्यंत आला. भट्ट्या मोठ्या झाल्या, लोखंडाचा मोठा गोळा मिळू लागला, पाणचक्कीवरचे घण आले. आणि प्लेगनंतर मजुरी महागली. हजारो कड्यांना हाताने रिव्हेट मारत बसण्यापेक्षा पत्रा ठोकणं परवडू लागलं.

सह्यकडा
कडी वाईट हे पटत नाही. प्रतापगडावर महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं म्हणून तर खानाचा वार फुकट गेला. ते साल १६५९. युरोपात तेव्हा कडी अडगळीत गेली असेल, आपल्याकडे तिनेच काम केलं की! गोऱ्यांचे ते लोखंडी पुतळे घालून सह्याद्रीतला एक घाट तरी चढता आला असता का?

लोहारआळी
सह्यकडा, कडी वाईट असं कोणी म्हटलंच नाहीये. कट्यारीचा जवळून केलेला वार अडवायला आणि अंगरख्याखाली लपायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पत्रा लपवता येत नाही. हिंदुस्थानातही पुढे कड्यांवर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पत्रे बांधायचे, ते चारआईना. म्हणजे कडी कुठे कमी पडते हे इथेही कळलंच होतं. धाग्याचा प्रश्न मात्र युरोपचा आहे.

बाकी घाटाचं म्हणाल, तर लढाईचं पूर्ण चिलखत वीस ते पंचवीस किलोचं असे आणि वजन सगळ्या अंगावर वाटलेलं. ते घालून माणूस पळतो, आपला आपण घोड्यावर चढतो. क्रेनने उचलून बसवायचे ही थाप आहे. उकाड्यात जीव नकोसा होईल, ते वेगळं.

तोफखाना
मूळ मुद्दा राहिलाच. गोळीपुढे पत्रा टिकत होता का? हो की नाही?

लोहारआळी
कुठली गोळी, किती अंतरावरून आणि कुठला पत्रा, हे तिन्ही सांगा, मग हो की नाही सांगतो.

सत्तर ग्रॅमचा बाण सेकंदाला ५५ मीटर वेगाने आला तर जेमतेम शंभर जूल ऊर्जा. तीस ग्रॅमची मस्केटची गोळी नळीतून ४५० मीटर वेगाने सुटली तर तीन हजार जूल. तीसपट! पण गोल गोळीला हवा फार अडवते, शंभर मीटरवर निम्म्याहून कमी ऊर्जा उरते. शिवाय शिसं मऊ, पत्र्यावर आपटून स्वतःच चपटं होतं आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते.

आता पत्रा. छातीचा भाग ढोबळमानाने ०.२ चौरस मीटर धरा. दोन मिलिमीटर जाडीला वजन तीन किलोच्या आसपास. जाडी दुप्पट केली की वजन सहा किलो, पण भेदायला लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे जाडी वाढवणं फायद्याचा सौदा होता, आणि कारागिरांनी तेच केलं. तयार पत्र्यावर पिस्तूल झाडायचे, खळगा पडला आणि भोक नाही पडलं की तो खळगा तसाच ठेवून माल विकायचा. मस्केटला टिकणारा पत्रा त्याहून जाड आणि महाग.

अडचण पुढे आहे. हीच जाडी हात, पाय, मांड्या सगळीकडे द्यायची तर पंचवीसचे पन्नास किलो होणार. मग नडगी सोडली, पाठ पातळ ठेवली, आणि वाचलेलं वजन छाती आणि डोक्यावर लावलं. चिलखत एका दिवसात गेलं नाही, पायाकडून वर सरकत गेलं.

मीनल_ग्राझ
मी ग्राझमध्येच राहते. इथलं जुनं शस्त्रागार सतराव्या शतकातलं आहे, मजल्यामागून मजले भरून बत्तीस हजारांच्या आसपास वस्तू. पाहुणे आले की तिथेच नेते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी इथल्याच जुन्या बंदुका खरोखर झाडून पाहिल्या. ऑग्सबर्गच्या, साधारण १५७० च्या, तीनेक मिलिमीटरच्या छातीपत्र्यावर साडेआठ मीटरवरून पिस्तुलाची गोळी मारली. पत्र्याला भोक पडलं. पण पत्र्यामागे कापड ठेवलं होतं, त्यातून गोळी गेलीच नाही. आतला माणूस काळानिळा झाला असता, मेला नसता. मस्केटची गोष्ट वेगळी, तिने तीस मीटरवर तीन-चार मिलिमीटर पोलाद भेदलं.

पण लोहारआळी, तुमच्या हिशेबात सगळा पत्रा एकाच धातूचा धरलाय. इथल्या शस्त्रागारातला बराच माल फौजेसाठी घाऊक केलेला आहे. तो आणि इन्सब्रुकचं सरदारी चिलखत एका तागडीत कसं तोलणार?

लोहारआळी
बरोबर पकडलंत. पाणी द्यायचा मुद्दा मी सोडूनच दिला होता. (पोटापाण्याला हीट ट्रीटमेंटच करतो, म्हणून एकदा सुरू झालो की थांबत नाही.)

इन्सब्रुक आणि ऑग्सबर्गचे चांगले कारागीर पोलादी पत्रा लाल करून विझवायचे आणि मग बेताने पुन्हा तापवायचे. विझवताना घाई झाली तर पत्रा पिळतो किंवा तडकतो, आणि मग सांधे एकमेकांत बसत नाहीत. असा जमलेला दोन मिलिमीटरचा पत्रा साध्या लोखंडाच्या जाड पत्र्याला भारी पडतो. १५९० मध्ये इंग्लंडच्या राणीच्या शस्त्रागाराचे प्रमुख हेन्री ली यांनी इंग्रजी लोखंडाचा छातीपत्रा परदेशी पत्र्याशेजारी ठेवून पिस्तुलाने तपासला. परदेशी टिकला, इंग्रजीतून गोळी आरपार.

मिलानमध्ये तर सोनेरी मुलाम्याची हौस नडली. मुलामा तापवून चढवायचा, आणि त्या उष्णतेने पत्र्याचं पाणी उतरतं. सतराव्या शतकातला घाऊक माल बहुतेक साधं लोखंड, सूक्ष्मदर्शकाखाली मळीच्या रेघा स्पष्ट दिसतात. गोळी जोरकस होत गेली त्याच काळात धातू उतरत गेला. वाईट धातूची भरपाई जाडीने केली.

मीनल_ग्राझ
मग हे माझ्याच बाजूने झालं. चांगला पत्रा करता येत होता, पण वीस हजारांच्या फौजेला तो कोण देणार? भालाईत आणि बंदूकवाला पगारावर ठेवायचा, तोही वेळेवर द्यायची मारामार. त्याला पाणी दिलेलं पोलाद कुठून? राजांनी त्या पैशात आणखी बंदूकवाले घेतले.

जाडभिंग
एक किस्सा सांगतो, मग तुम्हीच ठरवा. १३ जुलै १६४३, इंग्लंडातलं यादवी युद्ध, राउंडवे डाउनची लढाई. पार्लमेंटच्या बाजूचा आर्थर हेसलरिग. त्याच्या घोडदळाला लोक हिणवून ‘लॉबस्टर’ म्हणायचे, कारण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सगळे जाड पत्र्यात. राजाकडचा कॅप्टन अ‍ॅटकिन्स त्याच्या मागे लागला आणि अगदी भिडून पिस्तूल झाडलं. काही नाही. तलवारीचे वार केले. काही नाही. शेवटी त्याच्या घोड्यावर वार केले, तेव्हा हेसलरिग शरण यायला तयार झाला, तेवढ्यात त्याच्याच लोकांनी येऊन त्याला सोडवलं. राजा चार्ल्स नंतर गमतीने म्हणाला, याला तटबंदीबरोबर दाणागोटाही दिला असता तर वेढाच सोसला असता.

माणूस वाचला, लढाई मात्र हरला. त्याची पलटण उधळली आणि कित्येक जण टेकडीच्या कड्यावरून घोड्यांसकट खाली गेले.

तोफखाना
किस्सा भारी, पण तो पिस्तुलाचा आहे. मस्केट असतं तर? आणि हेही बघा, फौजेत बंदूकवालेच वाढवावेसे का वाटले? कारण बंदूक चालत होती! पैसा हे कारण बंदुकीच्याच पोटातून आलंय. फ्रान्सचा ला नू स्वतः लढवय्या, १५७० मध्ये डावा हात गमावून लोखंडी हात लावून फिरणारा. त्याने १५८७ मध्ये लिहिलंय की पिस्तुलं-बंदुकांच्या धास्तीने लोक अंगावर चिलखत नाही, ऐरण घेऊन फिरतात आणि पस्तिशीतच खांद्यांनी निकामी होतात. १५८७! चिलखत कशाने गेलं याची साक्ष आणखी कोणाची हवी?

मीनल_ग्राझ
ला नू खांदे मोडल्याची तक्रार करतोय, पत्रा फुटल्याची नाही. फरक आहे.

लोहारआळी
आणि घोडेस्वाराचा छातीपत्रा पुढेही राहिलाच की. वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियनचे स्वार तो घालून होते. तोफगोळ्याने आरपार भोक पडलेला तिथला एक पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात ठेवलाय. १९१४ मध्येही फ्रेंच कुइरासिए तो घालूनच निघाले. पायदळाने मात्र सतराव्या शतकातच टाकला, कारण त्याला चालायचं असतं. आता बंदूक जर एकटीच कारण असेल, तर तीच गोळी घोडेस्वारालाही लागत होती. त्याने अडीचशे वर्षं जास्त का घातला?

तोफखाना
रुबाब. आणि समोरच्या स्वाराची तलवार. गोळीसाठी नव्हे. १८१५ चा स्वार ‘मला मस्केट लागणार नाही’ म्हणून तो घालत होता हे कुठे दिसलं तर सांगा, मी मत बदलतो.

अवलिया७
प्रश्न एका ओळीचा होता राव! जाडभिंग, त्या हेसलरिगच्या चिलखताचं वजन कुठे मिळेल का?

जाडभिंग
त्याच्या स्वतःच्या चिलखताचं नाही सांगता येणार. त्या काळची तशी चिलखतं तीस किलोच्या वरची संग्रहालयांत आहेत. म्हणजे पाय उघडे ठेवूनही जुन्या पूर्ण चिलखतापेक्षा जड.