विषय: पुस्तक आईसाठी नको, माझ्यासाठी हवंय

मंजिरी, लीड्स

नमस्कार मंडळी,

आई (वय 79) गेल्या वर्षीपासून आमच्याकडे आहे. मार्चमध्ये मेमरी क्लिनिकने अल्झायमर्सचं निदान केलं आणि माहितीपत्रकांचा एक गठ्ठा हातात दिला. सगळा वाचून झाला. त्यातलं खोटं काहीच नाही, पण संध्याकाळी पाचला आई पर्स काखेत मारून दाराशी उभी राहते आणि म्हणते, "अगं, मला घरी सोड, अण्णा जेवायचे थांबले असतील." अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. काल मी तिच्यावर ओरडले, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले.

काय करायचं ते नीट सांगणारं, पण ओरडणाऱ्या मुलीला शहाणपण न शिकवणारं पुस्तक कुणाला माहीत आहे का? मराठीत असेल तर दुधात साखर.

श्रीकांतकाका, हॅरो

मंजिरी, आईंना रोज एक शब्दकोडं सोडवायला दे. मनाचे श्लोक म्हणवून घे, सकाळी भिजवलेले बदाम. स्मरणशक्तीच्या व्यायामाची दोन जाडजूड पुस्तकं माझ्याकडे पडून आहेत, पोस्टाने पाठवतो. पत्ता कळव.

मंजिरी

काका, मनापासून आभार. पण शब्दकोडं दिलं की ती माझ्याकडे अशी बघते, जणू शाळेत वर्गाबाहेर उभं केलंय. पुस्तक मी वाचणार आहे.

प्रसाद, रेडिंग

ऑलिव्हर जेम्सचं 'कन्टेन्टेड डिमेन्शिया' (2008) घ्या आणि विषय संपवा. तीन नियम आहेत. प्रश्न विचारायचे नाहीत, त्या माणसाकडूनच शिकायचं आणि तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात घर शांत झालं. "अण्णा येताहेत, ट्रेन लेट आहे" म्हणून टाका. त्यात काय एवढं!

वैशाली, बर्मिंगहॅम

मंजिरी, सासूबाईंचं सात वर्षं केलं, म्हणून जरा लांबण लावते.

आधी प्रसादच्या पुस्तकाबद्दल. प्रश्न न विचारण्याचा नियम सोन्यासारखा आहे. भारतातून व्हिडिओ कॉल आला की प्रत्येक जण "ओळखलंस का मला?" हेच विचारतो आणि म्हातारं माणूस घामाघूम होतं. आमच्याकडे मी सगळ्यांना बजावलं होतं की नाव सांगून बोलायला सुरुवात करा, "आई, मी सुधा बोलतेय, आज पुरणपोळ्या केल्या." पण कायम हो ला हो करण्यावर इथल्या अल्झायमर्स सोसायटीनेच आक्षेप घेतला होता, त्यात पद्धतशीर फसवणूक आहे म्हणून. मला तर व्यवहारातच ते जमलं नाही. "ट्रेन लेट आहे" म्हटलं की सासूबाई खिडकीत जाऊन बसायच्या आणि रात्री नऊपर्यंत हलायच्या नाहीत.

तुला आधी हवं ते 'द थर्टी-सिक्स अवर डे'. मेस आणि रेबिन्स यांचं, 1981 सालचं, नंतर अनेक आवृत्त्या निघाल्या, नवीनच घे. पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, जीव घाबरा होईल. शेवटची सूची उघड आणि आज जे घडलं तेवढंच शोध. वस्तू लपवणं, चोरीचा आळ, रात्रीची भटकंती, आंघोळीला नकार, सगळं आहे. पैसे आणि कायद्याची प्रकरणं अमेरिकेची आहेत, ती सोडून दे. इथलं मुखत्यारपत्र मात्र आईला समजतंय तोवरच करून घे, नंतर करता येत नाही.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार कामी आली. हा आजार वाढतो तो हळूहळू. दोन दिवसांत माणूस एकदम वेगळं वागायला लागलं, तर ते "आजार वाढला" म्हणून सोडायचं नाही. सासूबाईंना एका मंगळवारी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, दिवसभर झोप आणि रात्री आरडाओरडा. फोनवर मला सांगितलं, या वयात असं होतंच. मी पुस्तक समोर ठेवून पुन्हा फोन केला आणि "परवापर्यंत असं नव्हतं" एवढंच घोकत राहिले. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर पुढच्या सोमवारपर्यंत मुंग्या गेल्या.

आता ओरडण्याबद्दल. त्यासाठी डाशा काइपरचं 'ट्रॅव्हलर्स टू अनइमॅजिनेबल लँड्स' (2023). बाई मानसशास्त्राच्या. पंचविशीत त्या अल्झायमर्स झालेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे वर्षभर राहिल्या. त्या स्वतःच त्यांच्याशी हुज्जत घालायच्या, चिडायच्या, तेही लिहिलंय. मुद्दा असा की आपल्याला माहिती कमी असते म्हणून आपण वाद घालतो असं नाही. समोरचं माणूस आपल्यासारखंच विचार करतंय हे धरून चालायची आपल्या निरोगी मेंदूची खोडच आहे, आणि आजार कळला तरी ती जात नाही. त्यातून समोर आईचा चेहरा, आईचाच आवाज. मी ते वाचलं तेव्हा सासूबाईंना जाऊन बरेच दिवस झाले होते. आधी हाती लागायला हवं होतं. एक मात्र, संध्याकाळी पाचला काय करायचं हे त्यात शोधू नकोस, मिळणार नाही.

तर पाच वाजताचं. आमचं "घर" रत्नागिरी होतं. मी साडेचारलाच चहा आणि थालीपीठ समोर ठेवायचे, कारण निम्म्या वेळा ती भूकच असायची. अंधारायच्या आत दिवे लावून पडदे ओढायचे, काचेत दिसणाऱ्या बाईला त्या घाबरायच्या. कोट आणि चपला दाराजवळून हलवल्या. एवढं करूनही उठल्या तर ट्रेन नाही आणि "ते गेले" पण नाही. "मामंजींना पिठलं लागायचं ना? त्यात कोकम घालायचात की नाही?" हा प्रश्नच आहे म्हणा, नियम मोडला. पण पाककृतीचं उत्तर त्यांच्याकडे शेवटपर्यंत होतं. परीक्षा वाटेल असा प्रश्न नको, एवढंच.

प्रसाद

वैशालीताई, पिठल्याचं ठीक, पण ती फसवणूक नाही का? मी ट्रेन म्हणालो, तुम्ही पिठलं म्हणालात.

अमोल, एडिंबरा

माझी आई साताऱ्यात, बाबा एकटे सगळं करतात आणि फोनवर "मजेत आहे" म्हणतात. लांबून बघणाऱ्यासाठी मला रॉझ चास्टचं चित्रकथेचं पुस्तक लागू पडलं, 'कान्ट वी टॉक अबाउट समथिंग मोर प्लेझंट?' (2014). आईवडील ब्रुकलिनला, लेक दुसरीकडे. घरातला साठलेला पसारा, वृद्धाश्रमाला जाणारे पैसे, आणि ते पैसे मोजताना स्वतःची वाटणारी लाज, काहीही झाकलेलं नाही. मी विमानात हसलो आणि शेजारच्याने विचारलं, काय वाचताय? सांगता येईना. बाबांसाठी मराठीत काही आहे का, हा प्रश्न माझाही.

वैशाली

प्रसाद, फरक आहे असं मला वाटतं, पण छातीठोकपणे नाही सांगता येणार. मी कुणाला यायचं कबूल करत नव्हते, एवढंच.

अमोल, मराठीत मी हातात देऊ शकेन असं काही नाही. 'अस्तु' सिनेमा बाबांबरोबर बघ. त्यातली लेक वैतागते, ते त्यांना बघू दे. आणि तुला पॉलिन बॉसचं 'लव्हिंग समवन हू हॅज डिमेन्शिया' (2011). माणूस आहे आणि नाहीही, हे दुःख संपवायची घाई करू नका म्हणतात. काही पानं पुन्हा पुन्हा तेच सांगतात, तेवढं सोसायचं.

मंजिरी

'थर्टी-सिक्स' लायब्ररीतून आणलं. सोमवार-मंगळवार साडेचारचा चहा लागू पडला. बुधवारी नाही. आई म्हणाली, "पिठलं राहू दे, तू मला घरी सोडतेस की नाही?" तिला गाडीत घालून रिंग रोडला एक चक्कर मारून परत आले. दार उघडल्यावर म्हणाली, "आलं बाई घर."

प्रसाद, ही फसवणूक असेल तर पेट्रोलसकट माझ्या खात्यावर मांडा.

वैशालीताई, काइपरची प्रत तुमच्याकडे असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमाला आणाल का?

अमोल

मंजिरीनंतर माझा नंबर.