मॉडेल नंबर वाचून टीव्ही घ्यायचा की उगाच डोकं शिणवायचं?

ठाकुर्लीकर: ५५ इंची टीव्ही बघतोय. एका साइटवर "नवीन २०२३ मॉडेल" म्हणून टाकलाय आणि खाली बारीक अक्षरात नंबर आहे UA55AUE60AKLXL. मेव्हणा म्हणतो नंबरातच सगळं असतं. खरंच काही कळतं का यातून?

काउंटरवाला_दादर: कळतं की. सॅमसंगचा आहे ना हा, डावीकडून वाच. U म्हणजे साधा एलईडी (क्यूएलईडी असता तर Q), पुढचा A आशियाचा, मग ५५ इंच, आणि त्यानंतरचं अक्षर ते वर्षाचं. तुझ्याकडे तिथे A आहे, म्हणजे २०२१. B असता तर २०२२, C असता तर २०२३, म्हणजे २०२३ चा भाऊ UA55CUE60… असा दिसतो. मग U म्हणजे फोरके आणि E60 ही सिरीज. शेवटी XL आहे, म्हणजे माल इंडियाचाच, ती काळजी नको. तेव्हा टायटल काहीही म्हणो, डिझाइन २०२१ चं आहे.

बोरिवली_लोकल: एवढं कशाला, सोपा नियम सांगतो, शेवटचं अक्षर बघायचं बस. माझा सोनी X74L, L म्हणजे २०२३, K असता तर २०२२. सगळ्या कंपन्यांचं असंच असतं.

काउंटरवाला_दादर: सोनीच्या त्या वर्षांपुरतं बरोबर, सगळ्यांचं नाही हो. एलजीच्या 55UQ7500PSF मध्ये शेवटचा F धरून बसलात तर फसाल, तिथे वर्ष U च्या पुढच्या अक्षरात आहे, Q म्हणजे २०२२, R म्हणजे २०२३. सॅमसंगच्याच क्यूएलईडीत अक्षर सिरीजच्या मागे जातं, QA55Q60CAKLXL मध्ये Q60 नंतरचा C. आणि एक गंमत, सॅमसंगची अक्षरं फिरून आलीत. D म्हणजे २०२४, पण २०११ पण! सेकंडहँडवाला "डी सिरीज आहे साहेब" म्हणाला आणि नंबर UA40D5000 निघाला, तर तो जुना फुल एचडी. D च्या पुढे U आहे का बघायचं, नसेल आणि थेट आकडे असतील तर हात जोडायचे.

कांदिवलीची_मावशी: माझे भाऊ दुबईहून येताना टीव्ही घेऊन आले होते, त्याच्या नंबराच्या शेवटी UXZN होतं, मी म्हटलं असेल काहीतरी. नंतर पॅनेल गेलं तर इथल्या सर्व्हिस सेंटरने नंबर बघूनच सांगितलं की वॉरंटी इथे नाही. टीव्ही तसा चांगला चालायचा हो. आता भिंतीवर कॅलेंडर आहे.

काउंटरवाला_दादर: मावशी, ZN आखाती देशांचा माल. तरी तो २२० व्होल्टवर चालला. अमेरिकेचा UN वाला आणला असता तर तिकडची वीज ११०–१२० ची, म्हणजे आधी लेबल वाचा आणि मगच प्लग लावा.

चिकित्सक_चेंबूर: मला या नंबरपुराणाचं कौतुक नाही. नंबर तुम्हाला वर्ष सांगतो, पिक्चर कसा आहे ते सांगत नाही, आणि एकाच नंबराखाली वेगवेगळी पॅनेलं निघतात हे काउंटरवाल्यांना चांगलं माहीत असतं. वर्षाचंच बघाल तर सोनीचा X90J २०२१ चा आणि वरच्या बोरिवलीकरांचा X74L २०२३ चा, पण जुन्यात १२० हर्ट्झ आणि फुल अॅरे लोकल डिमिंग आहे, नव्यात ६० हर्ट्झ आणि ते डिमिंग नाही. कुठला घ्याल? आणि विक्रेता खोटं बोलतोय असं तरी कशाला धरायचं, २०२१ चं डिझाइन २०२३ मध्ये कारखान्यातून बाहेर पडू शकतं की!

काउंटरवाला_दादर: पडू शकतं, मान्य. पण मग "२०२३ मॉडेल" म्हणू नये, "२०२३ मध्ये बनवलेला" म्हणावं. महिना-वर्ष खोक्यावर छापावं लागतं, ऑनलाइन पानावर ते दाखवायची सक्ती नाही, तिथेच तर खेळ आहे. म्हणून ठाकुर्लीकर, पार्सल आलं की खोकं फोडायच्या आधी त्यावरचा नंबर आणि तारखेचा फोटो काढ, आणि नंबर ऑर्डरशी अक्षर न् अक्षर जुळव. AUE60 चा CUE60 वाचायला वेळ लागत नाही, डोळे घाईत असले की.

चिकित्सक_चेंबूर: जुळवा हो जुळवा, पण भाव? CUE60 शी तुलना करून सांगा, नुसतं A आणि C नको.

ठाकुर्लीकर: दोन्हीत फरक साडेतीन हजारांचा आहे. मेव्हणा म्हणतो नवा घे, बायको म्हणते त्या पैशात साउंडबारला हातभार लागेल. बसल्या बसल्या जुन्या टीव्हीच्या मागचं स्टिकर वाचलं, UA32 च्या पुढे F आहे. २०१३ चा का?

काउंटरवाला_दादर: २०२५ च्या मॉडेलांतही F आहे. पण तुझा जुना आहे, F च्या लगेच पुढे चार आकडे असतील तर बहुतेक २०१३.

ठाकुर्लीकर: चार आकडेच आहेत.