चॅनेलचा ब्रॅकेट पिळतोय: शिअर सेंटर धरायचं की सोडून द्यायचं?

तेजस_एमआयडीसी
शेडच्या कॉलमला बाहेरून आयएसएमसी १५० चा १.२ मीटरचा कँटिलिव्हर ब्रॅकेट आहे. टोकाला पाइपलाइनचा साधारण ५ किलोन्यूटन भार येतो. भार बरोबर वेबच्या डोक्यावर यावा असा सपोर्ट ठेवला होता. मोमेंट, शिअर, डिफ्लेक्शन सगळं बसतंय. तरी पाइप भरल्यावर ब्रॅकेट उघड्या बाजूला कलला, नुसत्या डोळ्यांना दिसतं. आमचे सीनियर म्हणतात, "शिअर सेंटर परीक्षेपुरतं. चॅनेल थोडं कलणारच." मला पटत नाही. तुमचं काय मत?

सुहास_फॅब्रिकेशन
मी सीनियरच्या बाजूने. चॅनेलचे ब्रॅकेट आम्ही कायम बनवतो, एकही तुटून पडलेला नाही. कलतंय असं वाटत असेल तर एक साइज वर जा किंवा वेबला दोन स्टिफनर मारा. इतक्या बारीक कामात कागदावर शिअर सेंटर काढत बसलो तर माल कधी पाठवायचा?

अनुजा_स्ट्रक्चरल
मी पण हिशेब करून पाहिला. ५ किलोन्यूटनला वेबच्या मध्यावर शिअर स्ट्रेस जेमतेम ७ एमपीए येतो. फ्लँजमध्ये तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्याशा शिअरचं सेंटर कुठे आहे याने काय फरक पडणार? मला वाटतं कॉलमजवळचं बोल्टिंग सैल असेल, तेच आधी तपासा.

निवृत्त_डिझाइनर
अनुजाताई, आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. स्ट्रेस किती आहे याला इथे महत्त्व नाही. तो कुठल्या दिशेने वाहतो आणि त्याची बेरीज कुठे जाऊन पडते, ते पाहायचं.

तेजसच्या ब्रॅकेटचाच वरचा फ्लँज घ्या. उघड्या टोकाला शिअर फ्लो शून्य असतो, कारण तिथे पलीकडे धरायला काही नाही. तिथून वेबकडे येताना तो सरळ रेषेत वाढतो आणि कोपऱ्यावर सुमारे ३० न्यूटन प्रति मिमी होतो. फ्लँजची रुंदी वेबच्या मध्यरेषेपर्यंत ७२ मिमी, म्हणजे सरासरी १५ गुणिले ७२, जवळपास १.०७ किलोन्यूटन. हे बल आडवं आहे. खालच्या फ्लँजमध्ये तेवढंच, पण उलट दिशेला. दोन्ही एकमेकांना आडव्या दिशेने खोडतात, म्हणून शिअरच्या नेहमीच्या तपासणीत ती दिसतच नाहीत. पण त्यांच्यात १४१ मिमीचं अंतर आहे, त्यामुळे जोडी राहते: १.०७ गुणिले १४१, म्हणजे १५१ किलोन्यूटन-मिमी.

आता या जोडीला ५ किलोन्यूटनने भागा. ३० मिमी. वेबच्या मध्यरेषेपासून तेवढं मागे, चॅनेलच्या पाठीच्या बाहेर, जिथे लोखंडच नाही, तिथून भार गेला तरच ही जोडी सुटते. तेच शिअर सेंटर. तेजसने भार वेबवर ठेवला, म्हणजे ३० मिमी चुकवला. तो उघड्या बाजूला कलणारच होता.

सूत्रात पाहायचं असेल तर:

```
e = 3 b² tf / (6 b tf + h tw)
b = 72.3, h = 141, tf = 9, tw = 5.4  →  e ≈ 30 mm
```

यात भार नाही, स्टीलचा ग्रेड नाही, शिअर स्ट्रेसही नाही. ७ एमपीए असो की ७०, ते ३० मिमी तिथेच राहतात.

सुहास_फॅब्रिकेशन
काका, हिशेब पटला, पण त्याने झालं काय? तुटलं का?

निवृत्त_डिझाइनर
तुटणार नाही, तुमचं बरोबर आहे. वाकण्याचा स्ट्रेस कॉलमपाशी, फ्लँजच्या मध्यावर, ५४ एमपीए आहे. पिळामुळे फ्लँज आपापल्या पातळीत वाकतात आणि त्याचा वेगळा स्ट्रेस त्यात मिळतो. वरच्या फ्लँजच्या उघड्या टोकाला तो जवळपास ५३ ने वजा होतो, म्हणजे तिथे काही उरतच नाही. वेबच्या कोपऱ्याला ३८ ने वाढून ९२ होतो. साध्या हिशेबापेक्षा सत्तर टक्के जास्त, तरी २५० च्या स्टीलला सहज झेपतो.

पण हालचाल बघा. सरळ डिफ्लेक्शन १.९ मिमीच्या आत, ते तुम्ही तपासलंत आणि ते बसलं. पीळ मात्र कॉलमपाशी दोन्ही फ्लँज पक्के वेल्ड केलेले असले तर १.९ अंश, आणि तिथे फ्लँजना लांबीच्या दिशेने सरकायला मोकळीक असली तर ३.२ अंश. १.९ अंश धरले तरी फ्लँजचं टोक वेबपेक्षा सुमारे अडीच मिमी खाली जातं. जे तपासलं नाही ते तपासलेल्यापेक्षा मोठं निघालं. तेजसच्या डोळ्यांना दिसलं ते हेच.

आणि स्टिफनर मारून हे जात नाही. वेबच्या आडव्या पट्ट्या वेबचं बकलिंग रोखतात. सेक्शन उघडाच राहतो, म्हणून पिळाला तो जवळजवळ तेवढाच मऊ.

मेघना_बीई_सिव्हिल
सर, आमच्या कॉलेजच्या शेडवर पर्लिन चॅनेलचे आहेत आणि सगळ्यांची उघडी बाजू वर, रिजकडे आहे. उलट लावले असते तर पाणी साचलं असतं, असं सांगितलं होतं. तेजसदादांच्या शेडमध्ये पर्लिन उलटे बसलेत का?

निवृत्त_डिझाइनर
मेघना, तेजसचा प्रश्न ब्रॅकेटचा आहे, पर्लिनचा नाही. पण तू पाहिलेलं याच विषयातलं आहे. पाण्याचं कारण मात्र उलटं आहे: उघडी बाजू रिजकडे असली तरच पाणी वेबपाशी साचतं.

उघडी बाजू रिजकडे असली की पर्लिनची पाठ, आणि म्हणून शिअर सेंटर, उताराच्या खालच्या अंगाला येतं. पत्र्याचं वजन उभं खाली येतं, पण पर्लिन तिरका बसलेला असल्यामुळे वजनाची रेषा वेबच्या डोक्यावरून निघून पर्लिनच्या मध्यापर्यंत येताना पाठीकडे सरकते. आयएसएमसी १५० ला उतार १० अंशांचा असेल तर १३ मिमी सरकते, ३० पैकी १७ च उरतात. २२ अंशांना ती थेट शिअर सेंटरमधून जाते. उलटा पर्लिन लावला तर तेच १३ मिमी ३० मध्ये मिळतात. वारा पत्र्याला वर उचलतो तेव्हा मात्र बल पत्र्याला काटकोनात असतं, तिथे हा फायदा नाही. तेव्हा पत्र्याच्या स्क्रूंचा आधार कामी येतो.

अनुजा_स्ट्रक्चरल
ठीक, शिअर स्ट्रेसवरून मी काढलेला निष्कर्ष सोडते. पण १.९ आणि ३.२ या दोन आकड्यांवर माझा आक्षेप आहे. पहिला आकडा धरायचा तर कॉलमचा फ्लँज स्वतः पूर्ण ताठ असायला हवा. प्रत्यक्षात ब्रॅकेट कॉलमच्या फ्लँजवर वेल्ड केलेला असतो, आणि तो फ्लँज पातळ असेल तर मागे स्टिफनर नसताना तोही थोडा वाकतो. म्हणून मी ३.२ च्या जवळचा आकडा घेईन आणि वेबच्या कोपऱ्यावरचा ९२ मात्र तसाच ठेवीन. दोन्हीकडे वाईट बाजू धरावी.

निवृत्त_डिझाइनर
दोन्ही वाईट बाजू एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. फ्लँज मोकळे असतील तर ३८ एमपीएची ती भरही येणार नाही. पण डिझाइनमध्ये तसं धरायला माझी हरकत नाही. कॉलमच्या मागे स्टिफनर आहेत का, हे तेजसने सांगावं.

पाइपिंग_संतोष
तुम्ही सगळे वजनाचं बोलताय. आमच्या प्लँटमध्ये असाच ब्रॅकेट होता, वाफेच्या लाइनखाली. तिथे वजनाइतकाच त्रास घर्षणाने दिला. लाइन तापली की पाइप लांबीच्या दिशेने सरकतो आणि ब्रॅकेटच्या डोक्याला आडवा ओढतो. स्टीलवर स्टील घासतं तेव्हा आम्ही ०.३ धरतो, म्हणजे ५ किलोन्यूटनला १.५ किलोन्यूटन. ते बल सेक्शनच्या मध्यापासून ७५ मिमी वर लागतं: ११२ किलोन्यूटन-मिमी. काकांच्या १५१ च्या शेजारी ठेवून बघा. लाइन थंड होताना दिशा उलटते. तेजस, तुझी लाइन गरम आहे की गार?

तेजस_एमआयडीसी
गरम पाण्याची आहे, वाफेची नाही. पाइप थेट फ्लँजवर टेकलेला आहे, खाली शू नाही. कॉलमच्या मागे स्टिफनर नाहीत.
काका, मग पाठीमागे ३० मिमी बाहेर पट्टी काढून भार तिथे घेतला तर चालेल ना? म्हणजे शिअर सेंटरवरच.

निवृत्त_डिझाइनर
वजनापुरतं चालेल. पाठीच्या पृष्ठभागापासून साडेसत्तावीस मिमी बाहेर, कारण ३० हे वेबच्या मध्यरेषेपासून आहेत. पण संतोषने सांगितलेला पीळ त्याने जात नाही, कारण तो आडव्या बलाचा आहे, त्याचा हात उभा मोजला जातो. आणि पाइप १० मिमी सरकून बसला तर ५० किलोन्यूटन-मिमी पुन्हा आले.

मी बॉक्स करीन. दुसरा आयएसएमसी १५० तोंडाला तोंड लावून, पूर्ण लांबीला सलग वेल्ड. बंद सेक्शनचा पिळाचा ताठपणा एका उघड्या चॅनेलच्या साडेचारशे पटींहून जास्त होतो, आणि शिअर सेंटर दोन्ही वेबच्या मधोमध येतं. वेल्ड तुटक टाक्यांचा असेल तर हा आकडा धरू नका. कॉलमच्या मागे स्टिफनर घालाच, नाहीतर ब्रॅकेट ताठ होईल आणि कॉलमचा फ्लँज वाकेल.

सुहास_फॅब्रिकेशन
काका, दुसरा चॅनेल म्हणजे वजन दुप्पट, आणि १.२ मीटरला दोन्ही बाजूंनी सलग वेल्ड म्हणजे चॅनेल वेल्डच्या उष्णतेनेच वाकतो. वर आतून गंजला तर दिसणार नाही. दोन ब्रॅकेटची टोकं एका आडव्या अँगलने जोडली तर पीळ तिथेच अडतो, खर्चही कमी.

पाइपिंग_संतोष
शेजारचा ब्रॅकेट किती अंतरावर आहे त्यावर आहे. दोन्ही एकाच लाइनखाली असतील तर दोन्ही एकाच बाजूला ओढले जातात, अँगलने घर्षण कसं अडणार? आधी पाइपखाली शू आणि टेफ्लॉनची पट्टी घाला, घर्षणच कमी करा.

सुहास_फॅब्रिकेशन
अँगल वर-खाली दोन घातले तर? मग दोन ब्रॅकेट मिळून फ्रेम होते, एकट्याला फिरताच येत नाही.

निवृत्त_डिझाइनर
वर आणि खाली दोन्ही फ्लँजना धरलं, तर मान्य. नुसता वरचा धरला तर नाही. तेजस, ब्रॅकेटमधलं अंतर आणि कॉलमचा सेक्शन टाक, मग या दोन उपायांत निवडता येईल.