अनुभव धागा: साहेबांची सूचना दोन अर्थांची असेल तर कसं विचारता?

नमुना घेऊ. मार्चअखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच येतं: "जुनी थकबाकी काढून टाक." यादी काढायची, की खात्यातूनच उडवायची? तुम्ही काय लिहाल, नेमके शब्द द्या.

अंधेरी, अकाउंट्स
मी असं लिहिते:
"सर, मी असं समजले: ३१ मार्चला ९० दिवसांहून जुनी बिलं, पार्टीवार.
अ) फक्त यादी, एंट्री नाही.
ब) यादी आणि पार्ट्यांना स्मरणपत्रं.
क) बुडीत धरून खात्यातून कमी करायची. यासाठी तुमची मंजुरी ईमेलवर लागेल.
मी अ धरून काम सुरू करते. ब किंवा क असेल तर ४ पर्यंत अक्षर कळवा."
गृहीत धरायचा पर्याय नेहमी मागे घेता येईल असाच हवा. क कधीही गृहीत धरू नका. एंट्री उलटवता येते, पण तोवर पार्टीचं येणं शून्य दिसतं आणि वसुलीवाले फोन करायचे थांबतात. शिवाय बुडीत धरलं म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

ठाणे
एवढं कशाला? "यादी हवीय ना सर?" एका ओळीत काम होतं.

अंधेरी, अकाउंट्स
त्यावर घाईत "हो" येतं, कारण यादी तर क साठीही लागतेच. शंका तिथेच राहते. अक्षर मागितलं की उत्तर निवडावंच लागतं. तरी नुसता अंगठा आला, तर "म्हणजे अ, फक्त यादी" असं पुन्हा लिहा.

लोअर परळ, वसुली
९० दिवस कुठून मोजायचे, तेही विचारा. २० डिसेंबरचं बिल, उधारी ३० दिवसांची. यंदाच्या ३१ मार्चला बिलाच्या तारखेपासून १०१ दिवस होतात, देय तारखेपासून ७१. एका हिशेबात बिल यादीत येतं, दुसऱ्यात नाही. पण हे अ-ब-क मध्ये घुसवू नका, तिनाचे सहा पर्याय होतील आणि कोणी वाचणार नाही. खाली वेगळी ओळ टाका: "दिवस देय तारखेपासून मोजतेय." किंवा दोन्ही रकाने द्या, मग विचारायलाच नको.

मुलुंड
माझ्याकडे दोन साहेब आहेत. एक म्हणतात यादी, दुसरे म्हणतात उडव. कोणाला विचारू?

लोअर परळ, वसुली
हा वेगळा पेच आहे. तरी दोघांना एकाच ईमेलमध्ये अ आणि क लिहून पाठवा. वेगवेगळं विचारलंत तर दोन उत्तरं येणार.

डोंबिवली
"४ पर्यंत कळवा" मला पटत नाही. साहेब मीटिंगमध्ये असतील, मेसेज पाहिलाही नसेल. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

अंधेरी, अकाउंट्स
यादीपुरता चालतो. ब ला मात्र नाही, स्मरणपत्र बाहेर जातं.

डोंबिवली
यादी तरी पुढे कोणाला पाठवणार, ते ठरलंय का? मी फोन करूनच विचारेन.