मदत हवी आहे: दहा मिनिटांचं भाषण सहा मिनिटांत बसवायचंय

शुक्रतारा
दहा मिनिटांचं भाषण तयार आहे, पाठही झालंय. आता आयोजकांचा निरोप आला की प्रत्येकाला सहाच मिनिटं. विशेषणं काढली, लांब वाक्यं तोडली, तरी साडेआठच्या खाली येत नाही. मुख्य मुद्दा न जाता बाकीचं कसं कापू? परवा बोलायचंय. 'ऑल द बेस्ट' नको, उपाय सांगा.

भन्नाट_वेग
जरा भरभर बोला की. लोक व्हिडिओसुद्धा दीडपट वेगानं बघतात हल्ली.

खडूफळा
दहाचं सहात म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट वेग. व्हिडिओ मागे नेता येतो, भाषण नाही. शिवाय घाईत पहिल्यांदा काय जातं, तर वाक्यानंतरचा थांबा, आणि ऐकणारा त्या थांब्यातच मुद्दा पचवत असतो.
शुक्रतारा, अर्धी माहिती दिलीच नाहीत. विषय काय? सहा मिनिटांत प्रश्नोत्तरं धरली आहेत का? वेळ संपली की घंटा वाजते की माइक काढून घेतात? आणि मोठ्यानं बोलून वेळ लावली होती की मनातल्या मनात वाचून?

मोकळा_श्वास
मलाही आधी स्टेजवर घाम फुटायचा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं, माणसांकडे नाही. हमखास गुण येतो.

शुक्रतारा
भीती वाटत नाहीये हो, मिनिटं कमी पडताहेत!
खडूफळा: विषय सेमेलवाइस. प्रश्नोत्तरं वेगळी. पाचव्या मिनिटाला एक घंटा, सहाव्याला दोन, त्यानंतर गुण कापतात. वेळ मोठ्यानं बोलून, उभं राहून लावली आहे. स्लाइड नाहीत.

भन्नाट_वेग
सेमेलवाइस कोण?

शुक्रतारा
डॉक्टरांना हात धुवायला लावणारा. १८४७, व्हिएन्ना. बाळंतिणी सूतिकाज्वरानं मरायच्या, त्यानं ते थांबवलं, आणि कुणी त्याचं ऐकलं नाही.

खडूफळा
हा विषय झाला. तुमचं म्हणणं काय आहे? एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात 'कारण' हा शब्द आला पाहिजे. ते होईपर्यंत कात्री बाजूला ठेवा, कारण कुठला परिच्छेद मुद्द्याचा आणि कुठला शोभेचा हे ठरवायला दुसरं मोजमापच नाही.

शुक्रतारा
"सेमेलवाइसवर अन्याय झाला, कारण तो काळाच्या पुढे होता."

खडूफळा
हे कुठल्याही संशोधकाबद्दल म्हणता येईल. आकडे डोळ्यांसमोर असताना डॉक्टरांनी का मानलं नाही? तुमचं उत्तर हवंय, वहीतलं नको.

शुक्रतारा
बरं. "सेमेलवाइसचे आकडे खरे असूनही डॉक्टरांना पटले नाहीत, कारण हात धुतल्यानं असं का होतं हे सांगणारं काहीच त्यांच्या तेव्हाच्या रोगाच्या कल्पनेत बसत नव्हतं."

खडूफळा
आता बोललात. आता भाषणाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकापुढे वेळ लिहा.

शुक्रतारा
मूळ दहा मिनिटांचे तुकडे देते. प्रस्तावना ०:५०. बालपण आणि शिक्षण १:३०. व्हिएन्नाचे दोन विभाग १:४५. त्याचे फसलेले तर्क १:१५. मित्र कोलेचकाचा मृत्यू १:००. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं आणि आकडे ०:५०. डॉक्टरांचा विरोध १:१०. वेड्यांच्या इस्पितळातला मृत्यू ०:५०. पाश्चर, लिस्टर, समारोप ०:५०.

निशिगंध
बालपण काढा, दीड मिनिट गेलं. मग प्रत्येकातून थोडं थोडं. आकडे तर सगळेच काढा, आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

खडूफळा
बालपण जाणारच. पण 'प्रत्येकातून थोडं थोडं' तर त्या आधीपासून करताहेत, आणि साडेआठवर अडकल्या आहेत. वाक्यं आवळून एवढंच सुटतं. चाळीस टक्के कमी करायचे तर अख्खे तुकडे जावे लागतात, आणि जे राहतात त्यांना पुरता वेळ द्यावा लागतो.

आकड्यांचं अर्ध बरोबर आहे. वर्षवार टक्केवारी असेल तर ती जाऊ द्या. पण 'आकडे खरे असूनही' हा दाव्याचाच भाग आहे, तेव्हा एक जोडी राहिलीच पाहिजे. एप्रिल १८४७ मध्ये सेमेलवाइसच्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं, हात धुणं सुरू झाल्यावर जूनमध्ये २.२. बोलताना दशांश नको: "एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा, जूनमध्ये शंभरातल्या दोन." आणि थांबायचं.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. तुमचा दावा 'का पटलं नाही' याबद्दल आहे आणि ते उत्तर फक्त डॉक्टरांच्या विरोधाच्या तुकड्यात येतं. त्याला दहातली जेमतेम सव्वा मिनिटं. सगळं सारख्या प्रमाणात छाटलंत तर ती पाऊण मिनिटं होतील आणि ऐकणारा फक्त गोष्ट घेऊन घरी जाईल. भाषण लहान होताना हा तुकडा मोठा व्हायला हवा.

शुक्रतारा
कापायला सांगितलं तर वाढवायला सांगताय! मग बाकी बसणार कुठे?

खडूफळा
असं बघा. प्रस्तावना आणि बालपण पूर्ण बाद, थेट दोन विभागांवर या: "१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात मरणाऱ्या बाळंतिणी दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. तिथे नको म्हणून बायका विनवण्या करत." यातच कोडं उभं राहतं. पुढे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत, एवढं सांगितलं की पुरे. हे सगळं १:२०.

फसलेले तर्क एका वाक्यात, ०:१५. कोलेचका ०:४०: शवविच्छेदनात विद्यार्थ्याची सुरी लागली, तो मेला, आणि लक्षणं बाळंतिणींसारखीच निघाली. आकडे ०:३५. विरोध १:४०. पाश्चर आणि लिस्टर ०:३०, शेवटची दोन वाक्यं ०:१५. बेरीज सव्वापाच मिनिटं. पंचेचाळीस सेकंद मोकळी सोडा, सभागृहात बोलणं घरच्यापेक्षा लांबतंच.

इतिहासवेडा
मुळात हात धुण्याचं श्रेय एकट्या सेमेलवाइसला देणंच चूक आहे. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डननं १७९५ मध्येच लिहिलं होतं की सूतिकाज्वर डॉक्टर आणि सुइणींमार्फत पसरतो. १८४३ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सनंही तेच मांडलं. हे न सांगता भाषण करणं म्हणजे दिशाभूल.

शुक्रतारा
अरे देवा. हेही घालायचं का आता?

खडूफळा
माहिती बरोबर आहे, आणि तुमच्या दाव्याला उपयोगीही: त्या दोघांनाही विरोधच झाला. पण नीट सांगायला पाऊण मिनिट लागेल आणि ते विरोधाच्या तुकड्यातून जाईल. प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. भाषणात फक्त "हात धुण्याचा शोध लावला" म्हणू नका, "हात धुण्याचा नियम घातला" म्हणा. मग दिशाभूल उरत नाही.

इतिहासवेडा
एका क्रियापदावर इतिहास उरकला! असो.

निशिगंध
मला वेगळंच खटकतंय. वेड्यांच्या इस्पितळातला मृत्यू काढला? अख्ख्या भाषणात डोळ्यांत पाणी आणणारा तेवढाच भाग आहे. लोक तोच लक्षात ठेवतील.

खडूफळा
म्हणूनच काढला. १८६५ मध्ये तो तसा मेला हे खरं आहे, पण त्यानं 'आकडे का पटले नाहीत' याचं उत्तर मिळत नाही. शेवटी ते आलं की श्रोते "बिचारा" म्हणत उठतात आणि दावा बाजूला पडतो.

निशिगंध
मुद्दा पोचायला आधी माणूस जवळचा वाटावा लागतो. मी तरी ठेवीन. एक वाक्य, वीस सेकंद.

शुक्रतारा
ते भांडण नंतर. विरोधाच्या १:४० मध्ये काय घालू ते सांगा. माझ्याकडे चार कारणं आहेत: रोगाची कल्पना, डॉक्टरांचा अहंकार, व्हिएन्नातलं राजकारण, आणि त्यानं स्वतः पुस्तक १८६१ पर्यंत काढलं नाही.

खडूफळा
चारही घेतलीत तर प्रत्येकाला पंचवीस सेकंद आणि पुन्हा यादी. तुमच्या वाक्यात पहिलंच आहे, ते पूर्ण सांगा. तेव्हा डॉक्टर मानत की असा ताप दूषित हवा, शरीरातला बिघाड अशा अनेक कारणांनी येतो आणि प्रत्येक रोग्यात वेगळा असतो. अशा माणसाला कुणी सांगतं की कारण एकच, प्रेताचे न दिसणारे कण, तेही तुमच्याच हातावरचे. आता अठरा आणि दोन हे आकडे त्याच्या कानांनी ऐकवा: तो म्हणेल हवा बदलली असेल, ऋतू बदलला असेल. इथे श्रोत्याला क्षणभर त्या डॉक्टरचं पटलं पाहिजे. मग पाश्चर आणि लिस्टर आपोआप जागेवर बसतात, कारण जंतूंमुळे 'का' याचं उत्तर मिळालं.
पुस्तकाच्या उशिराचं एक वाक्य चालेल. बाकी दोन सोडा.

भन्नाट_वेग
अहंकार सोडला? मला तर तेच खरं कारण वाटतं.

शुक्रतारा
मलाही ते थोडं पटतं, पण मग दावाच बदलेल. नको.

*(दुसऱ्या दिवशी)*

शुक्रतारा
बोलून पाहिलं. ५:३५ आलं. पण घरात पहिल्यांदाच ऐकणाऱ्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "मुद्दा कळला, पण शेवटी घंटा कसली?"

खडूफळा
कापल्यावर हमखास राहणारी गोष्ट ही. फसलेल्या तर्कांत पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जातो, त्या भीतीनं बायका मरत असतील, असा एक तर्क होता ना? तो गेला, पण समारोपात "त्या घंटेसारखेच" असं काही राहिलं असणार. कागदावर 'त्या', 'मघाशी', 'वर सांगितल्याप्रमाणे' शोधा आणि प्रत्येकाची पहिली भेट अजून भाषणात आहे का बघा. पाठ झालेल्या माणसाला ही भोकं दिसत नाहीत, त्याच्या डोक्यात जुनं भाषण चालूच असतं.

शुक्रतारा
बरोबर, "त्या घंटेसारखाच आकडाही नुसता वाजत राहिला" असं होतं. आवडतं वाक्य होतं हो!

निशिगंध
मग ते काढा आणि जागेवर मृत्यूचं वाक्य टाका. पंचवीस सेकंद आहेतच शिल्लक.

खडूफळा
ती शिल्लक नाही, ती सभागृहाची आहे.

मोकळा_श्वास
तुम्ही भिंतीकडे बघून बोललात का?