मदत हवी आहे: पावसात रोज चालायला चप्पल, सँडल की बूट?

रंकाळाकाठ
रंकाळ्यापासून लक्ष्मीपुरीपर्यंत रोज चालतच जातो. बूट घातले की दिवसभर ओले, चप्पल घातली की पाय घसरतोय. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटायला लागल्या. रविवारी खरेदी करायची आहे. एक काय ते सांगा.

पायतानप्रेमी
कोल्हापुरात राहून हे विचारताय? कापशी घ्या, तेल पाजा, आयुष्यभर बघायला नको.

सुलभा_के
कापशी पावसात? भिजलेलं कातडं फुगतं, वाळलं की वाकडं होतं आणि तळ गुळगुळीत. उन्हाळ्यात खुशाल घाला.

गमबूटवाला
सरळ गमबूट आणि भरपूर पावडर. आमच्या शेतात हेच चालतं.

फिजिओताई
गमबुटात पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. ओल्या बेचक्यात पावडर टाकली की तिचा लगदा होतो. रंकाळाकाठ, वय किती? शुगर आहे का?

रंकाळाकाठ
५२. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्याचा बुटाशी काय संबंध?

फिजिओताई
अहो, हेच आधी सांगायचं! शुगर जुनी असली की तळव्याची जाणीव कमी होऊ शकते. मग काच टोचलेली कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. म्हणून उघडी चप्पल नकोच. बोटं झाकणारं, मागे पट्टा असलेलं, जाळीचं सँडल बघा. दोन्ही टोकं धरून वाकवा: बोटांच्या मुळाशी वाकलं तर ठीक, मधोमध दुमडलं तर ठेवून द्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, एका रात्रीत आतून वाळत नाही.

बेचक्यातलं बुरशीचं दिसतंय. ऑफिसात पोचलात की बेचकी रुमालाने टिपा, कोरडे मोजे घाला. क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा, आणि बरं दिसलं तरी पुढे दोन आठवडे. भेग पडली असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवा.

पायतानप्रेमी
माझ्या आजोबांना शुगर होती, अनवाणी फिरायचे. काही झालं नाही.

सुलभा_के
तुमच्या आजोबांच्या काळी रस्त्यावर इतकी काच नव्हती.

शाळेची_आई
मुलीला शाळेचे काळे बूट हवेत, पाण्यात टिकणारे. महाद्वार रोडला मिळतील का?

रंकाळाकाठ
भेग नाही. पण डावा अंगठा कधीकधी सुन्न वाटतो. जाळीतून पाणी आत जाईलच की?

फिजिओताई
जाईल, पण निघूनही जाईल. अंगठा सुन्न आहे म्हणताय, तर खरेदीच्या आधी पाय तपासून घ्या. डॉक्टर नायलॉनचा दोरा टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम. जाणीव कमी निघाली तर सँडलही नको, पूर्ण बंद बूटच लागतील.

गमबूटवाला
म्हणजे शेवटी बूटच! मग ते ओले राहतात त्याचं काय?

रंकाळाकाठ
तेच तर विचारतोय पहिल्यापासून.